शाळेत पोराच्या शेंगदाणा अ‍ॅलर्जीचा अर्ज कसा द्यायचा, काय कागद लागतात (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांसाठी)

आपल्याकडं शेंगदाण्यापासून पोराला लांब ठेवणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळणार. भाजीत कूट, चित्रान्नात दाणे, शेंगाची चटणी, पंचमीला उंड्या, संक्रांतीला तिळगुळात दाणे. घरी आपण सांभाळतो, पण शाळेत काय? माझी भाची खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत तिसरीत आहे, तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. वहिनीनं जूनमध्ये वर्गाच्या बाईंना तोंडी सांगितलेलं. बाई ट्रेनिंगला गेल्या, अतिथी शिक्षक आले, त्या दिवशी अंडं नको असलेल्या पोरांना चिक्की होती, आणि घरात अंडं खात नाहीत म्हणून हिच्या हातात चिक्की. थोडक्यात वाचली. तेव्हापासून आम्ही सगळं लिहून देतो, तेच इथं सांगतोय.

आधी अर्ज कुणी द्यायचा ते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, जास्तीत जास्त साधारण दोन तासांत अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, खोकला, दम, उलट्या असं ज्याला झालंय आणि डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हटलंय, त्याचा. दूध प्यायल्यावर पोट फुगणं, जुलाब होणं हे बऱ्याचदा दुधातली साखर न पचण्याचं असतं, तो त्रास वेगळा. शाळेत क्षीरभाग्यचं दूध मिळतं म्हणून तेही जरूर सांगा, पण वेगळ्या चिठ्ठीवर. एकाच कागदावर "दूध सोसत नाही, वांगं आवडत नाही, शेंगदाणा चालत नाही" असं लिहिलं की वाचणाऱ्याला तिन्ही सारखंच वाटतं, आणि तिथंच घोळ होतो.

यासाठी छापील फॉर्म शोधत बसू नका. साध्या कागदावर हेडमास्तरांच्या नावानं अर्ज लिहायचा, दोन प्रती करायच्या, एकीवर सही-शिक्का-तारीख घेऊन पोच म्हणून घरी ठेवायची. सोबत तीनच कागद लागतात: डॉक्टरांचं पत्र, औषधाच्या चिठ्ठीची झेरॉक्स, आणि पोराचा फोटो लावलेलं एक पान. रक्ताच्या तपासणीचा तो पन्नास-साठ पदार्थांचा रिपोर्ट जोडू नका. त्यात पॉझिटिव्ह आलं म्हणजे त्या पदार्थानं रिअ‍ॅक्शन येतेच असं नाही, खाल्ल्यावर खरंच काय झालं ते महत्त्वाचं. तांदूळ, गहू, केळं सगळ्यापुढं प्लस बघून शाळावाले एकतर घाबरतात नाहीतर काहीच मनावर घेत नाहीत.

डॉक्टरांच्या पत्रात चार गोष्टी मागून घ्या: नेमका पदार्थ कुठला, आधी काय झालेलं, पोराचं वजन, आणि औषध कुठलं-किती-कधी. वजन का, तर मोठी रिअ‍ॅक्शन आली की टोचायच्या अ‍ॅड्रेनालिनचा डोस वजनावर ठरतो. किलोमागं 0.01 मिलिग्रॅम, आणि लहान मुलाला एका वेळी जास्तीत जास्त 0.3. भाचीचं वजन तेव्हा 22 किलो होतं, म्हणून पत्रात 0.22 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, असं लिहिलेलं. नेहमीच्या 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅमवाल्या अँप्युलमधून ते 0.22 मिलिलिटर होतं. हा हिशेब आपण घरी करायचा नाही, डॉक्टरांनीच लिहून द्यायचा, नर्सला तो आयता मिळाला पाहिजे.

आता अर्जाचा मजकूर. आम्ही दिला तो असा, नाव-इयत्ता वगळून:

"माझ्या मुलीला शेंगदाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी आहे. शेंगदाणा, कूट, चिक्की, शेंगा चटणी, दाणे घातलेला भात-उप्पीट यातलं काहीही देऊ नये. दाणे वेचून काढून दिलेलं पण चालत नाही. अंडं, केळं, दूध चालतं. वाढदिवसाचा खाऊ आधी आम्हाला विचारून द्यावा, दुसऱ्याच्या डब्यातलं खाऊ देऊ नये. त्रास दिसला तर सोबतच्या पानाप्रमाणे लगेच करावं, आमच्या फोनची वाट बघू नये. वर्गशिक्षक रजेवर असतील तर बदली शिक्षकांना हे पान दाखवावं."

काय चालत नाही त्यासोबत काय चालतं तेही लिहायचं, नाहीतर पोरगी उपाशी बसते. घरात अंडं खात नसाल तर "अंड्याऐवजी केळं, चिक्की नाही" एवढं स्पष्ट लिहा.

फोटोवालं पान मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत करा. शाळा मराठी असली तरी क्लस्टरचे लोक, आरोग्य केंद्रातले, 108 वाले बहुतेक कन्नड बोलणारे असतात. आपल्या भागात कन्नडमध्ये पण शेंगाच म्हणतात, पण म्हैसूर-बेंगळूरकडनं आलेल्या शिक्षकाला कडलेकायी म्हटल्यावर चटकन कळतं, म्हणून दोन्ही शब्द घाला. एक कॉपी स्वयंपाकघरात लावा आणि स्वयंपाकाच्या अक्कांना स्वतः भेटून सांगा, डाव त्यांच्या हातात असतो. चित्रान्नाचा डाव तोच भाजीत बुडवला तर काय होतं हे तिथं उभं राहून समजावलं की पटतं.

पानावर त्रास कसा ओळखायचा ते पोराच्या भाषेत लिहा. भाची "घशात केस अडकलाय" म्हणते, तिच्या दृष्टीनं तीच सुरुवात. ओठाजवळ दोन-चार गांधी, बाकी ठीक असेल तर डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅलर्जीचं औषध देऊन जवळ बसवून लक्ष ठेवायचं. पण खोकला, घरघर, आवाज बसणं, पोरगं एकदम गळून जाणं, किंवा गांधींसोबत परत परत उलट्या, यातलं काही दिसलं तर तो मोठा त्रास. अंगावर काही न उठता पण असं होऊ शकतं. अशा वेळी अ‍ॅव्हिल-सेट्रिझिन देऊन थांबणं हीच नेहमीची चूक आहे, त्यानं खाज कमी होते, श्वास आणि बीपी सुधारत नाही. त्याला अ‍ॅड्रेनालिनच लागतं. तोवर झोपवून पाय वर करायचे, दम लागत असेल तर बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. उठवून चालवत न्यायचं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास ठेवून घ्यायला सांगा, त्रास परत उलटू शकतो.

आता नर्सचं. बेळगावातल्या मोठ्या खाजगी शाळेत सिक रूम आणि नर्स असते, तिथं अर्जाच्या वेळीच सिस्टरना भेटा, डॉक्टरांचं पत्र आणि अँप्युल-सिरिंजचा डबा नाव घालून त्यांच्या हातात द्या आणि टोचायला कोण-कोण शिकलंय ते विचारा. अँप्युल उन्हात ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये पण नाही. औषध गुलाबी-तपकिरी झालं की बदलायचं. एक्सपायरी मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

सरकारी शाळेत मात्र नर्स नसतात, आणि पोरांना तपासणारी आरबीएसकेची सरकारी टीम साधारण वर्षातनं एकदा येते, त्यांना दाखवा पण त्यांच्यावर विसंबू नका. बाईंनी अँप्युल फोडून सिरिंजमध्ये 0.22 भरावं ही अपेक्षा पण चुकीची, हात थरथरतात. म्हणून आम्ही अर्जाची तिसरी प्रत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो आणि डॉक्टरांना एकच विचारलं: अ‍ॅड्रेनालिन आहे का आणि शाळेच्या वेळेत द्यायला कोण असतं. लसीकरणाला नर्सबाईंजवळ रिअ‍ॅक्शनचं किट असतं, त्यात अ‍ॅड्रेनालिन असतं, त्यामुळे त्यांना हे नवीन नाही. केंद्राचा नंबर, 108, आणि गावातला गाडी असलेला एक माणूस, असे तीन नंबर पानावर मोठ्या अक्षरात. आधी 108 लावायचं, गाडी लांब आहे म्हणाले तर गावची गाडी काढून केंद्राकडं, आई-वडलांना फोन त्यानंतर.

शाळा सुरू झाली की दरवर्षी नवीन अर्ज द्यायचा, कारण वर्गशिक्षक बदलतात आणि पोराचं वजन पण. भाची यंदा 24 वर गेली, म्हणून डॉक्टरांकडनं पत्र बदलून आणलं, आणि स्वयंपाकघरातलं जुनं पान काढून नवीन चिकटवलं.