पंपाच्या मशीनचं वार्षिक स्टॅम्पिंग: अर्ज, कागद आणि पाच लिटरच्या मापाचा दिवस

सोलापूर रोडवरच्या एका पंपाचं मॅनेजरचं काम बरीच वर्षं बघतोय, आणि दरवर्षी स्टॅम्पिंग जवळ आलं की आजूबाजूच्या पंपांवरून तेच फोन येतात, अर्ज कधी करायचा, काय कागद लागतात, आणि नोझल फेल गेलं तर काय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. फक्त पेट्रोल-डिझेलच्या डिस्पेंसरबद्दल लिहितोय, सीएनजीची पद्धत वेगळी आहे.

आपण ज्याला स्टॅम्पिंग म्हणतो त्याचं कागदावरचं नाव पडताळणी व मुद्रांकन. वैधमापन शास्त्र अधिनियम, 2009 खाली हे वैधमापन शास्त्र विभागाचे निरीक्षक करतात, म्हणजे जुन्या लोकांचं वजनमाप खातं. डिस्पेंसरची मुदत 12 महिन्यांची असते आणि पुढची तारीख प्रमाणपत्रावरच छापलेली असते, ती तारीख उलटली की त्या मशीनवरनं विक्री करणं हा गुन्हा आहे, मशीन कितीही बरोबर देत असलं तरी. पण वर्षाची मुदत हे एकच कारण नाही. मशीनचं मीटर किंवा पल्सर बदलला, दुरुस्तीसाठी सील तोडावं लागलं, नाहीतर मशीन एका आयलंडवरून दुसऱ्यावर हलवलं, तर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते. लोक इथंच चुकतात, कंपनीचा इंजिनिअर येतो, रात्री दुरुस्ती करून जातो, सकाळी विक्री चालू, आणि सील मात्र तुटलेलं. सील तोडायच्या आधी निरीक्षकांना लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा.

अर्ज ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्यानं करायचा, म्हणजे डीलरनं. विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा आणि फी तिथेच भरून चलन काढून ठेवायचं. फी मशीनप्रमाणे ठरते, पोर्टलवर जो आकडा येतो तोच खरा, कुणी तोंडी सांगितलेला धरू नका. मुदत संपल्यावर गेलात तर तिमाहीच्या हिशेबानं जादा फी लागते. मी तारखेच्या महिनाभर आधीच अर्ज टाकतो, कारण निरीक्षकांकडे अख्खा तालुका असतो आणि आपल्याला हवा तोच दिवस मिळेल असं नसतं.

कागदांत मागच्या वर्षीचं पडताळणी प्रमाणपत्र, मशीनचा मेक, मॉडेल आणि सिरीयल नंबर, नोझलची यादी (कुठलं नोझल कुठल्या टाकीवर चालतंय यासकट), आणि चलन. मशीन नवीन असेल तर बिल आणि मॉडेल मान्यतेची प्रत, कारण मॉडेलच मंजूर नसेल तर पुढे काही होत नाही. दुरुस्ती झाली असेल तर काय बदललं याचा रिपोर्ट, आणि तो करणाऱ्याकडे विभागाचा दुरुस्तीचा परवाना आहे याची प्रत. मशीनवरच्या पट्टीवरचा सिरीयल नंबर आणि प्रमाणपत्रावरचा नंबर स्वतः उभं राहून एकदा जुळवून बघा, एका आकड्याच्या फरकामुळे एकदा आमचा अख्खा दिवस गेला होता.

आणि पंपावरचं पाच लिटरचं माप. स्टीलचं, खाली रुंद आणि वर निमुळता गळा, गळ्याला काचेची खिडकी आणि तिच्या बाजूला मिलीच्या खुणा असलेलं. ते दिसतं साधं पण त्याची स्वतःची पण पडताळणी झालेली असते, त्यावर शिक्का असतो आणि वेगळं प्रमाणपत्र असतं. निरीक्षक बहुतेक वेळा स्वतःचं प्रमाणित माप घेऊन येतात पण आपल्या मापाचे कागद मुदतीतले आहेत ना हे बघतातच. गळ्याला पोचा आलेलं माप वापरूच नका, पोचा आत गेला की मापात बसणारं तेल कमी होतं, मग पातळी खुणेच्या वर चढते आणि कमी देणारं नोझल बरोबर देतंय असं वाटतं.

आता टेस्टचा दिवस. टेस्ट सकाळी लवकर ठेवायचा प्रयत्न करा, उन्हामुळे. पेट्रोल एक अंश तापलं की साधारण हजारी 1.2 भाग फुगतं, म्हणजे पाच लिटरला 6 मिली, डिझेलचं थोडं कमी, 4 मिलीच्या आसपास. माप उन्हात ठेवून आपण गप्पा मारत बसलो की रीडिंग आपोआप वर सरकतं. त्यामुळे सावली, सपाट जागा, माप डुलत नाही ना बघून घेणं, नोझल मापाच्या धातूला टेकवून भरणं, आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर.

पहिलं भरणं मोजायचंच नाही. माप कोरडं असतं, तेल भिंतींना चिकटतं, आणि माप ओलं धरून कॅलिब्रेट केलेलं असल्यामुळे कोरड्या मापात पातळी खोटीच कमी दिसते. शिवाय रात्रभर बंद असलेल्या नोझलच्या पाइपात थोडी हवा असू शकते, ती पण पहिल्या भरण्यात निघून जाते. म्हणून एकदा पूर्ण भरायचं, टाकीत ओतायचं, आणि धार तुटल्यावर माप 30 सेकंद उलटं धरायचं. हे 30 सेकंद कुणी पाळत नाही आणि तिथेच घोळ होतो, घाईत ओतलं तर आत थोडं तेल राहतं आणि पुढचं रीडिंग तितकंच जास्त येतं, म्हणजे मशीन कमी देत असेल तर ती कमी झाकली जाते. रीडिंग घेताना डोळा खुणेच्या रेषेत आणायचा, तेलाचा पृष्ठभाग कडेला वर चढतो म्हणून मधल्या खोलगट भागावर वाचायचं. डिझेलला फेस येतो, तो बसेपर्यंत थांबायचं.

चालतं किती, तर अर्धा टक्का, म्हणजे पाच लिटरला 25 मिली, दोन्ही बाजूंना. कमी देणं जसं फेल तसं जास्त देणं पण फेल, हे नव्या डीलरांना पटत नाही.

एक उदाहरण घेऊ, डिझेलचं एक नोझल. सुरुवातीला टोटलायझर लिहून घेतलं. एक ओलं करायचं भरणं, मग फुल फ्लोला तीन रीडिंग: उणे 30, उणे 30, उणे 35. ट्रिगर अर्धाच दाबून हळू धारेला एक: उणे 10. म्हणजे फुल फ्लोला फेल. हे दोन आकडे एकत्र वाचायला शिका. मीटर घासलं की तेल आतून मोजल्याशिवाय निसटतं, आणि हळू धारेत हे निसटणं प्रमाणात जास्त असतं, म्हणून गिऱ्हाईकाला जास्त जातं आणि डीलरचं नुकसान. दोन धारांमधला फरक मोठा असेल तर नुसतं अॅडजस्ट करून भागत नाही, एक बाजू जुळवली की दुसरी बिघडते, तिथं मीटर उघडावंच लागतं. आपल्या उदाहरणात फरक वीस-पंचवीसचा आहे, म्हणून आधी अॅडजस्ट करून बघायचं.

तर निरीक्षकांसमोर परवानाधारक टेक्निशियन मीटरचं सील काढतो, सेटिंग थोडं सरकवतो, भरतो, बघतो, परत सरकवतो. यात दोन भरणी गेली. मग शेवटची तीन: उणे 5, शून्य, उणे 5. हळू धार: अधिक 20. सगळी मर्यादेत, पास. पण हळू धारेचा अधिक 20 मी वहीत लाल पेननं लिहून ठेवीन, कारण ते मीटर पुढच्या वर्षापर्यंत टिकेल असं मला वाटत नाही.

उणे 30 हा आकडा लहान वाटतो म्हणून हिशेब सांगतो. त्या नोझलवरनं दिवसाला 3,000 लिटर जात असेल तर रोज 18 लिटर डिझेल गिऱ्हाईकाला कमी जातंय. आणि उणे 20 हे कायद्यात बसतं पण म्हणून तसंच सोडून देऊ नका, मीटर सरकतच असतं, टेक्निशियन समोर उभा आहे तोवर शून्याजवळ आणून घ्या.

नोझल मर्यादेत येतच नसेल तर त्यावर शिक्का बसत नाही. ते बंद करायचं, बोर्ड लावायचा, दुरुस्ती करायची आणि परत पडताळणी. बाकीची पास झालेली नोझल चालू ठेवता येतात.

पास झाल्यावर सील. मीटरच्या अॅडजस्टमेंटला, पल्सरला आणि टोटलायझरला तार ओवून शिशाचं सील दाबतात. शिक्क्यावर तिमाहीचं अक्षर आणि वर्ष असतं, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि असं पुढे डी पर्यंत. पल्सर म्हणजे मीटर फिरलं की डिस्प्लेला मोजणीचे ठोके पाठवणारा भाग. 2017 मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत आपल्याकडे जी चिपची प्रकरणं निघाली त्यात गडबड याच मोजणीत केलेली होती, मीटर बरोबर पण डिस्प्लेला ठोके जास्त. म्हणून नुसत्या पाच लिटरच्या टेस्टवर विसंबता येत नाही, तेवढ्यापुरतं बरोबर देणारी यंत्रणा बसवता येते. सील शाबूत आहे का हे बघणं म्हणूनच तितकंच महत्त्वाचं. मी प्रत्येक सीलचा फोटो मशीन बंद असताना, झाकण उघडं असतानाच काढून ठेवतो, आणि शिफ्ट बदलताना दोघंजण बघतात. सील तुटलेलं आणि माप कमी, असं दोन्ही एकत्र सापडलं तर तेल कंपनीच्या नियमात डीलरशिपच जाते.

मग राहतो स्टॉकचा हिशेब. एक ओलं करायचं, चार आधीची, दोन अॅडजस्टची, चार नंतरची, अशी 11 भरणी म्हणजे 55 लिटर. टोटलायझर बरोबर 55 नं पुढे गेला पाहिजे आणि तेवढंच डिझेल त्याच टाकीत परत गेलं पाहिजे. हे रोजच्या स्टॉक रजिस्टरला टेस्टिंगच्या रकान्यात त्याच दिवशी लिहा, नाहीतर 55 लिटरची विक्री झाली पण पैसे नाहीत असं दिसतं आणि महिन्याच्या शेवटी कॅशिअरच्या मागे लागावं लागतं. डिझेलचं माप पेट्रोलच्या टाकीवर नेऊन ओतलं असंही झालेलं मी पाहिलंय, म्हणून टाकीच्या झाकणापाशी एक माणूस उभाच ठेवतो.

नवीन प्रमाणपत्र गिऱ्हाईकाला दिसेल असं लावायचं, कपाटात नाही. आणि गिऱ्हाईकाने पाच लिटर मोजून दाखवा म्हटलं तर नाही म्हणता येत नाही. मोजताना मात्र तीच पद्धत. मागच्या पावसाळ्यात एका ट्रॅक्टरवाल्या काकांना आमच्या पोरानं घाईत कोरड्याच मापात भरून दाखवलं, उणे 15 आलं, काका चिडले आणि बरोबरच होतं त्यांचं. मग मी त्यांच्यासमोरच माप ओतलं, त्यांनाच मोबाईल न काढता मनात तीस मोजायला सांगितलं, आणि परत भरलं. उणे 5 आलं. त्यांनी मग मागचं मशीनचं झाकण उघडायला लावून सील पण बघितलं, आणि त्यावरचं अक्षर काय ते विचारून घेतलं.