फोटोओळी आणि पुलकोट (दीर्घ लेखातील)

दीर्घ लेखातील छायाचित्र, नकाशा किंवा आलेखाखाली येणाऱ्या एक-दोन वाक्यांना फोटोओळ किंवा कॅप्शन म्हणतात. लेखातलेच एखादे वाक्य उचलून मोठ्या टायपात, समासात किंवा दोन परिच्छेदांच्या मध्ये मांडले, की तो पुलकोट होतो. लेख चाळणाऱ्याची नजर मथळ्यानंतर बहुधा याच दोन ठिकाणी थांबते. पुष्कळदा मात्र या जागा शेवटच्या क्षणी, पान लावताना भरल्या जातात आणि तिथे ‘निसर्गाचा अद्भुत आविष्कार’ अशा ओळी येतात. अशा ओळींतून वाचकाला नवे काहीच कळत नाही.

फोटोओळीचे काम चित्रात दिसते ते पुन्हा सांगण्याचे नाही. चित्रात न दिसणारे, पण ते चित्र समजण्यासाठी लागणारे सांगणे हे तिचे काम आहे. कोण, कुठे, केव्हा, किती मोठे, कोणत्या बाजूने पाहिलेले, आणि या लेखात हे चित्र का आहे, यांपैकी जे डोळ्यांना कळत नाही ते ओळीत यायला हवे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची रूढ पद्धत दोन वाक्यांची आहे. पहिल्या वाक्यात चित्रात काय घडते आहे ते वर्तमानकाळात, स्थळ आणि तारखेसह येते. दुसऱ्यात त्यामागचा संदर्भ येतो. दीर्घ लेखासाठी हा साचा जसाच्या तसा घ्यायला नको, पण दृश्य आणि संदर्भ वेगळे ठेवण्याची त्याची शिस्त घेण्यासारखी आहे. दोन्ही एकाच वाक्यात कोंबले, की छायाचित्राने दाखवलेले कोणते आणि लेखकाने जोडलेले कोणते, हे वाचकाला ओळखता येत नाही.

ही सरमिसळ किती लांबवर जाते याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणातोडणी मजुरांच्या तळावर एका आईचे मुलांसह छायाचित्र घेतले. लँग तेव्हा एका सरकारी खात्यासाठी काम करत होत्या. त्यांच्या ओळीत मजुरांची हलाखी, सात मुले, वय बत्तीस आणि ठिकाण होते. नाव नव्हते, कारण ते विचारलेलेच नव्हते. छायाचित्र जगभर गाजले, ती बाई मात्र चार दशके अनाम राहिली. १९७८ मध्ये फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव पुढे आले आणि त्या चेरोकी वंशाच्या असल्याचे कळले. लँग यांनी १९६० मध्ये लिहिले होते, की अन्नासाठी कुटुंबाने नुकतेच गाडीचे टायर विकले होते. कुटुंबाने ते नाकारले. टायर छायाचित्रात कुठेच नाहीत, तरी ती गोष्ट छायाचित्रासोबत फिरत राहिली. चित्र खरे असले, की त्याला चिकटलेले प्रत्येक वाक्य खरे वाटू लागते. म्हणून फोटोओळीतला प्रत्येक तपशील लेखातल्या इतर कोणत्याही तपशिलापेक्षा अधिक कसून तपासावा लागतो.

लोणारचे उदाहरण

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर २०२० च्या जून महिन्यात गुलाबी झाले. या घटनेवर दीर्घ लेख लिहायचा आहे आणि हाती नासाने प्रसिद्ध केलेली दोन उपग्रह छायाचित्रे आहेत, असे धरू. एकात सरोवर हिरवट दिसते, दुसऱ्यात गुलाबी.

हाताशी येणारी पहिली ओळ अशी असते: ‘लोणार सरोवराचे विहंगम दृश्य.’ उपग्रहाचे चित्र वरूनच घेतलेले असणार, आणि लेख लोणारवर आहे हेही वाचकाला माहीत आहे. ही ओळ काढून टाकली तरी काही बिघडत नाही. काढल्याने लेखाचे काही नुकसान होते का, ही कोणत्याही फोटोओळीची सर्वांत सोपी कसोटी आहे.

दुसरा प्रयत्न: ‘सरोवर रंग बदलण्यापूर्वी आणि नंतर.’ इथे क्रम कळतो, पण काळ कळत नाही. दोन चित्रांत दोन दिवसांचे अंतर आहे की दोन वर्षांचे? रंग झपाट्याने बदलला की सावकाश? घटनेचा अर्थ यावरच अवलंबून आहे.

आता तिसरी ओळ: ‘लँडसॅट ८ उपग्रहाने टिपलेले लोणार सरोवर: डावीकडे २५ मे २०२०, उजवीकडे १० जून २०२०. हा उपग्रह त्याच मार्गावर १६ दिवसांनी परततो. मधल्या काळात रंग नेमका कोणत्या दिवशी बदलला, हे या चित्रांवरून सांगता येत नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर.’

या ओळीत डावे-उजवे स्पष्ट आहे. तारखांमुळे अंतर कळते. व्यासामुळे आकाराचा अंदाज येतो, जो आकाशातून घेतलेल्या चित्रात कधीच आपोआप येत नाही. सर्वांत मोलाचे तिसरे वाक्य आहे, कारण ते पुराव्याची मर्यादा सांगते. ते नसेल तर वाचक १० जून हीच रंग बदलण्याची तारीख धरून बसेल आणि पुढच्या मजकुरात स्थानिकांनी त्याआधीच बदल पाहिल्याचे वाचून गोंधळेल. उपग्रह चित्रात रंग कृत्रिमरीत्या भरलेले असतील, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण रंगांत उतरवले असतील, तर तेही ओळीतच सांगावे लागते. रंग हाच विषय असलेल्या लेखात ही बाब तळटीपेत टाकणे वाचकाची दिशाभूल करणारे ठरेल.

ओळीत काय घालू नये, हेही लोणारवरूनच कळते. विवराच्या वयाबद्दल फार वेगवेगळे अंदाज आहेत: आधीचे सुमारे ५० हजार वर्षांचे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला, आर्गॉन पद्धतीने काढलेला सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचा. फोटोओळीत मतभेद उलगडायला जागा नसते, त्यामुळे तिथे एकच आकडा लिहिला जातो आणि तोच निर्विवाद वाटतो. असा आकडा मजकुरात, दोन्ही बाजूंसह ठेवावा. कॅप्शनला वयाचा उल्लेख टाळता येत नसेल, तर निदान कोणत्या वर्षीच्या कोणत्या पद्धतीचा अंदाज, एवढे तरी जोडावे.

जुने छायाचित्र वापरण्याचाही असाच धोका आहे. लोणारवरच्या लेखात पावसाळ्यातले, काठोकाठ भरलेले सरोवर छापले आणि मजकूर पाणी आटून क्षारता वाढल्याचा असला, तर चित्र मजकुराला खोटे पाडते. मराठी वृत्तपत्रांत अशा वेळी ‘संग्रहित छायाचित्र’ असे लिहितात. बातमीत ते चालते. दीर्घ लेखात तेवढ्याने भागत नाही, कारण वाचकाला कोणता काळ पाहतोय हे हवे असते. निदान महिना आणि वर्ष द्यावे. ‘छाया’ म्हणून दिलेले छायाचित्रकाराचे नाव ही वेगळी नोंद आहे. ती ओळीची जागा घेत नाही.

पुलकोट निवडणे

पुलकोटची अडचण वेगळी आहे. तो नवे शब्द आणत नाही, लेखातलेच पुन्हा दाखवतो. मग तो माहिती कशी देणार? वाक्य निवडल्याने. हजारो शब्दांतून हेच वाक्य लेखाचा कणा आहे, हे तो दाखवतो. म्हणून त्यात एखादे विधान असायला हवे, ज्याच्याशी कोणी असहमत होऊ शकेल किंवा ज्याने वाचकाची समजूत बदलेल. ‘लोणार हे महाराष्ट्राचे वैभव आहे’ यात असे काहीही नाही.

गुलाबी रंगाची पाहणी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केली. पाण्याची क्षारता वाढल्यावर फोफावणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य असणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे रंग आला, असा निष्कर्ष निघाला. पाण्याचा नमुना काही काळ स्थिर ठेवल्यावर जैवभार तळाशी बसला आणि वरचे पाणी नितळ झाले. लेखातल्या या भागातून तीन वाक्ये समोर आहेत असे समजा:

‘त्यामुळेच ते गुलाबी दिसू लागले.’

‘हॅलोआर्किया हे अतिक्षारयुक्त पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आहेत.’

‘नमुना स्थिर ठेवला तेव्हा गुलाबी थर तळाशी बसला आणि वर नितळ पाणी राहिले, रंग पाण्याचा नव्हता, त्यातल्या जीवांचा होता.’

पहिले वाक्य मजकुरात चांगले आहे, पण उचलल्यावर निकामी होते. ‘त्यामुळेच’ म्हणजे कशामुळे, ‘ते’ म्हणजे काय, हे मागच्या वाक्यात राहून गेले. मराठी गद्यात परिच्छेद पुढे नेणारी वाक्ये हटकून ‘त्यामुळे’, ‘म्हणूनच’, ‘हेही’, ‘तिथे’ अशा शब्दांनी सुरू होतात, आणि लेखातली सर्वांत ठाशीव विधाने नेमकी तिथेच असतात. त्यामुळे ही चूक आपल्याकडे वारंवार दिसते. सर्वनामाच्या जागी नाम घालून ती दुरुस्त करता येते, पण वाक्य लेखकाचे असेल तरच. कोणाच्या मुलाखतीतले असेल, तर अवतरणचिन्हांतला एकही शब्द बदलू नये. दुसरे वाक्य शोधावे. दुसरे वाक्य व्याख्या आहे. ती चौकटीत किंवा मजकुरात शोभते. तिसरे वाक्य एकटे उभे राहते, पुरावा आणि त्यावरचा निष्कर्ष दोन्ही देते, आणि ‘पाण्यात काहीतरी मिसळले असेल’ हा सर्वसाधारण समज खोडते. निवड तिसऱ्याची.

वाक्य छाटतानाही सावध राहावे लागते. संशोधक ‘प्राथमिक तपासणीत असे दिसते’ म्हणाले असतील आणि पुलकोटात ‘प्राथमिक’ गळला, तर तो शब्दांनी खरा आणि अर्थाने खोटा होतो. जागा कमी आहे म्हणून अट वगळायची असेल, तर ते वाक्य सोडलेले बरे.

पुलकोट कुठे ठेवायचा, हे पडदा ठरवतो. छापील मासिकात किंवा रुंद पडद्यावर तो समासात बसतो आणि मजकूर शेजारून वाहतो. फोनवर समास उरत नाही. पुलकोट दोन परिच्छेदांमध्ये येऊन पडतो. मूळ वाक्य लगेच वर किंवा खाली असेल तर वाचकाला तेच वाक्य दोनदा वाचावे लागते आणि ती छापण्यातली चूक वाटते. म्हणून तो मूळ वाक्यापासून तीन-चार परिच्छेद दूर ठेवावा. शेवटचा निष्कर्ष सुरुवातीलाच उघड होत नाही ना, तेही पाहावे.

विकिपीडियाची शैलीपुस्तिका फोटोओळींना नेमकी आणि संदर्भ देणारी असायला सांगते, पण ज्ञानकोशीय लेखांत पुलकोट वापरू नयेत असे सुचवते. तटस्थ नोंदीत एखाद्या वाक्याला मोठा टाइप देणे म्हणजे पक्ष घेणे होते. लेखकाचे मत असलेल्या लेखात हीच गोष्ट उपयोगाची ठरते.

वेबपानावरील मांडणी

वेबपानावर फोटोओळ आणि पर्यायी मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पर्यायी मजकूर चित्र न दिसणाऱ्यासाठी असतो आणि त्यात दृश्याचे वर्णन येते. फोटोओळ सर्वांसाठी असते. एकाच वाक्याची दोन्हीकडे नक्कल केली, तर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ते दोनदा वाचतो.

```html
<figure>
  <img src="lonar.jpg"
       alt="शेजारी ठेवलेली दोन उपग्रह चित्रे; डावीकडे हिरवट, उजवीकडे गुलाबी गोल सरोवर">
  <figcaption>डावीकडे २५ मे २०२०, उजवीकडे १० जून २०२०.</figcaption>
</figure>
<aside aria-hidden="true">
  <p>रंग पाण्याचा नव्हता, त्यातल्या जीवांचा होता.</p>
</aside>
```

पुलकोटसाठी `blockquote` ऐवजी `aside` वापरतात, कारण `blockquote` दुसऱ्या स्रोतातून घेतलेल्या उताऱ्यासाठी आहे आणि पुलकोट याच लेखातला असतो. `aria-hidden` लावल्यावर स्क्रीन रीडर तो वगळतो. ऐकणाऱ्याला ते वाक्य त्याच्या मूळ जागी, एकदाच मिळते.