एसआरएसमधली व्याख्या आणि रिक्वायरमेंट: दिसायला सारखी, कामाला वेगळी

एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते लिहून ठेवणारा दस्तऐवज, वाचताना मी आधी शब्दसूची उघडतो. नियम हरवतात ते बहुतेक तिथेच. समजा, एका तालुक्याच्या वाचनालयासाठी देवघेवीचं सॉफ्टवेअर करायचं आहे आणि शब्दसूचीत ही नोंद आहे:

"थकीत पुस्तक: मुदतीत परत न आलेलं पुस्तक. अशा सभासदाला नवीन पुस्तक दिलं जाणार नाही."

पहिलं वाक्य व्याख्या आहे. दुसरं रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने पाळायचा नियम आहे, पण ते व्याख्येच्या आडोशाला बसलंय. ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारायचा: सॉफ्टवेअरला हे वाक्य मोडता येईल का? थकबाकीदाराला पुस्तक दिलं गेलं, तर दुसरं वाक्य मोडलं. पहिलं वाक्य कुठलाच प्रोग्रॅम मोडू शकत नाही, कारण ते फक्त एका शब्दाचा अर्थ ठरवतं.

हा फरक कागदी वाटेल, पण नुकसान प्रत्यक्ष होतं. आयईईई 830 या जुन्या मानकाच्या आराखड्यात व्याख्या पहिल्या भागात येतात आणि नेमक्या रिक्वायरमेंट तिसऱ्या भागात. 2011 मध्ये त्याची जागा 29148 या मानकाने घेतली, तरी कित्येक एसआरएस अजून त्याच साच्यात लिहिले जातात. टेस्टर तिसरा भाग समोर ठेवून क्रमांकागणिक टेस्ट केस लिहितो. शब्दसूचीतल्या नियमाला क्रमांक नाही, म्हणून त्याची टेस्ट केसही नाही. आपण काही सोडलंय, हे टेस्टरच्या तक्त्यात दिसतसुद्धा नाही.

आता दोन्ही वेगळं करून लिहू.

"परतीची तारीख: पुस्तक दिल्याचा दिवस सोडून सातवा दिवस, त्या दिवशी वाचनालय बंद असेल तर त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस."

"थकीत पुस्तक: परतीच्या तारखेचा दिवस संपूनही जमा न झालेलं पुस्तक."

"LIB-042: सभासदाच्या नावावर एक किंवा अधिक थकीत पुस्तकं असतील, तेव्हा प्रणालीने त्याच्या नावावर नवीन पुस्तकाची नोंद होऊ देऊ नये."

"LIB-043: LIB-042 नुसार नोंद नाकारताना प्रणालीने थकीत पुस्तकांची नावं आणि परतीच्या तारखा दाखवाव्यात."

नाकारणं आणि कारण दाखवणं मुद्दाम दोन क्रमांकांत ठेवलं आहे. एकाच वाक्यात "आणि" घालून जोडलं असतं, तर नोंद अडली पण यादी दिसली नाही, अशा वेळी टेस्टरने पास लिहायचं की नापास?

टेस्ट केस आता आपोआप सुचतात. पुस्तक 3 जूनला दिलं, म्हणजे परतीची तारीख 10 जून. 10 जूनच्या संध्याकाळी दुसरं पुस्तक मागितलं तर मिळायला हवं. 11 जूनला पहिलं जमा न करता मागितलं तर नाही. 10 जूनला सुट्टी आणि 11 जूनला वाचनालय उघडं असेल, तर 11 जूनलाही मिळायला हवं. हा शेवटचा प्रसंग जुन्या नोंदीतल्या "मुदतीत" या शब्दाने कधीच पुढे आणला नसता.

उलटी चूकही होते: व्याख्या रिक्वायरमेंटमध्ये शिरते. समजा, वरच्या व्याख्या नाहीत, LIB-042 म्हणते "सात दिवसांनंतर परत न आलेलं पुस्तक", आणि दंडाची LIB-057 म्हणते "आठव्या दिवसापासून". सुट्टी आडवी आली की एकाच सभासदाला एका ठिकाणी थकबाकीदार धरलं जातं, दुसरीकडे नाही. एकापेक्षा जास्त रिक्वायरमेंट ज्या शब्दावर टेकतात, त्याचा अर्थ एकाच जागी हवा.

एक जागा मात्र खरोखर संदिग्ध आहे. "लगेच: 2 सेकंदांच्या आत" ही व्याख्या म्हणायची का? आमच्या प्रश्नाच्या कसोटीवर ती व्याख्याच ठरते. तरी मी ती शब्दसूचीत ठेवत नाही. पुस्तक शोधायला 2 सेकंद ठीक असतील, वार्षिक अहवालाला नसतील. आणि वेळ कुठून कुठपर्यंत मोजायची, किती जण एकाच वेळी काम करत असताना मोजायची, हे त्या त्या रिक्वायरमेंटमध्येच नीट सांगता येतं.

क्रमांक वर्ड प्रोसेसरच्या आपोआप क्रमांकनावर सोडू नयेत. मध्ये एक परिच्छेद घातला की 42 चा 43 होतो आणि टेस्टचा तक्ता भलत्याच नियमाकडे बोट दाखवतो. रद्द झालेल्या क्रमांकापुढे "रद्द" लिहावं; तो दुसऱ्या रिक्वायरमेंटला देऊ नये.

व्याख्यांनाही मी क्रमांक देतो, पण वेगळ्या मालिकेत, उदाहरणार्थ DEF-07. व्याख्येची स्वतंत्र चाचणी होत नाही, मात्र ती बदलली की तिच्यावर टेकलेल्या सगळ्या रिक्वायरमेंटचं वागणं बदलतं. उद्या समितीने सात दिवसांचे दहा केले, तर LIB-042 मधलं एक अक्षरही बदलणार नाही, पण तिच्या आणि LIB-057 च्या टेस्ट केसमधल्या तारखा मात्र सगळ्या बदलाव्या लागतील. म्हणून प्रत्येक व्याख्येपुढे ती वापरणाऱ्या रिक्वायरमेंटचे क्रमांक लिहून ठेवावेत.