उतरंडीवरून उभं राहणारं झाड

समजा, एका गावच्या पर्जन्यमापकावर लागोपाठ आठ दिवसांत मिलिमीटरमध्ये असा पाऊस नोंदला गेला: 50, 20, 70, 40, 10, 80, 30, 60. आकडे मी सोयीसाठी गोल घेतले आहेत. आता कुणी विचारलं, की दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत सर्वांत जास्त पाऊस कधी पडला? नजर फिरवून आपण लगेच सांगू: तिसऱ्या दिवशी, 70. पण नोंदी एक लाख असल्या आणि असे प्रश्नही लाखभर आले, तर दर वेळी नजर फिरवणं परवडत नाही. अशा वेळी आकड्यांचं आधीच एक झाड बांधून ठेवतात. त्याचं नाव कार्टेशियन ट्री.

ज्याँ व्हुयमँ या फ्रेंच संगणकशास्त्रज्ञाने 1980 मध्ये हे झाड मांडलं. नावातले कार्टेशियन म्हणजे आलेखाच्या अक्षांमुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेले रने देकार्त. प्रत्येक नोंदीला दोन निर्देशक असतात: आडव्या अक्षावर दिवसाचा क्रमांक आणि उभ्या अक्षावर पाऊस. झाडाला दोन्ही अक्ष सांभाळायचे असतात. झाड डावीकडून उजवीकडे वाचलं (आधी डावी फांदी, मग स्वतः, मग उजवी फांदी) तर मूळचा दिवसांचा क्रम जसाच्या तसा मिळायला हवा. आणि वरून खाली पाहिलं तर प्रत्येक आकडा आपल्या मुलांपेक्षा मोठा असायला हवा. पुस्तकांत बहुधा सर्वांत लहान आकडा शेंड्यावर ठेवतात. मी मुद्दाम मोठा ठेवतोय, कारण त्यामुळे पुढे एक घरगुती वस्तू कामाला येते. तुलनेचं चिन्ह उलटं केलं की दुसरं रूप मिळतं, बाकी काहीच बदलत नाही.

आपल्या आठ दिवसांचं झाड असं दिसतं:

```
           80
         /    \
       70      60
      /  \    /
    50    40 30
      \     \
      20    10
```

दुसरा दिवस म्हणजे 20 आणि पाचवा म्हणजे 10. दोघांपासून वर चढत गेलं की त्यांच्या वाटा 70 पाशी मिळतात, आणि तेच मघाच्या प्रश्नाचं उत्तर. कोणत्याही दोन दिवसांमधला कमाल पाऊस म्हणजे त्या दोघांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज. हा पूर्वज झटपट शोधायचं शास्त्र वेगळं आणि मोठं आहे, त्यात आज शिरत नाही. आज फक्त झाड कसं बांधायचं ते बघू.

सरळ सुचणारी पद्धत अशी: सगळ्यांत मोठा आकडा शोधा, तो शेंड्यावर ठेवा, त्याच्या डावीकडच्या तुकड्याचं डावं झाड करा आणि उजवीकडच्याचं उजवं. बरोबर आहे, आणि आठ आकड्यांवर 14 तुलनांमध्ये संपतंही. पण पाऊस रोज थोडाथोडा वाढतच गेला, तर मोठा आकडा दर वेळी टोकाला सापडतो. तुकडे होतच नाहीत, नुसता एकेक आकडा झडत जातो आणि उरलेल्या सगळ्यांवरून पुन्हा नजर फिरवावी लागते. एक लाख नोंदींना अशा सुमारे 500 कोटी तुलना होतात.

आता ती घरगुती वस्तू. जुन्या घरांच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची: सर्वांत मोठं मडकं तळाशी, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान. काढायचं ते वरचंच, ठेवायचं तेही वरच. संगणकाच्या भाषेत हा स्टॅक झाला. एकावर एक ताटं ठेवून स्टॅक समजावतात, पण इथे उतरंडच चपखल बसते, कारण मोठं खाली नि लहान वर हा नियमही आपल्याला हवा आहे.

आकडे डावीकडून एकेक घ्यायचे. नवं मडकं आलं की उतरंडीवर त्याच्याहून जी लहान मडकी असतील ती वरून एकेक उतरवायची. मग नवं मडकं चढवायचं. एवढं करताना झाडात दोनच जोडण्या करायच्या: उतरवलेल्यांपैकी सर्वांत शेवटचं मडकं नव्याचं डावं मूल होतं, आणि नवं मडकं ज्यावर टेकलं त्याचं ते उजवं मूल होतं.

करून बघू. पहिला दिवस, 50: उतरंड रिकामी, ठेवून दिलं. दुसरा, 20: लहान आहे, 50 वर बसतं आणि त्याचं उजवं मूल होतं. तिसरा, 70: आधी 20 उतरतं, मग 50. शेवटी उतरलं ते 50, म्हणून 50 हे 70 चं डावं मूल. 20 चं काय? त्याला हात लावायचा नाही. ते 50 ला आधीच जोडलेलं आहे आणि त्याच्यासोबतच फिरतं. उतरंडीवर आता एकटं 70. मग 40 आणि 10 आपापल्या जागी चढतात: 70, 40, 10. सहाव्या दिवशी 80 येतं आणि 10, 40, 70 असे तिघेही उतरतात. शेवटचं 70, ते आपल्या सगळ्या गोतावळ्यासह 80 च्या डाव्या हाताला जातं.

खरी मेख शेवटच्या दोन दिवसांत आहे. सातव्या दिवशी 30 येऊन 80 वर बसतं आणि त्याचं उजवं मूल होतं. आठव्या दिवशी 60 येतं. 30 उतरतं, 80 जागेवर राहतं. आता 80 चं उजवं मूल 60 झालं, म्हणजे जुनी जोडणी पुसली गेली, आणि 30 गेलं 60 च्या डावीकडे. पाऊस काळाच्या क्रमाने येतो, त्यामुळे नवा दिवस झाडाच्या उजव्या कडेवरच कुठेतरी घुसू शकतो. त्याच्याहून मोठे वर राहतात, लहान खाली सरकतात. आणि ते सगळे आधीच्या दिवसांचे असल्याने डावीकडेच जाणार. शेंड्यापासून उजवीकडे उजवीकडे उतरत जाणारी ही कड म्हणजेच उतरंड. वरचं झाड पाहा: शेवटी उतरंडीत 80 आणि 60 उरले आहेत, आणि कडेवरही तेच दोघे आहेत.

पायथनमध्ये हे सगळं एवढंच:

```python
def build(a):
    n = len(a)
    left, right = [-1]*n, [-1]*n
    st = []
    for i in range(n):
        last = -1
        while st and a[st[-1]] < a[i]:
            last = st.pop()
        left[i] = last
        if st:
            right[st[-1]] = i
        st.append(i)
    return st[0], left, right
```

उतरंडीवर पाऊस न ठेवता दिवसाचा क्रमांक ठेवला आहे, कारण दोन दिवसांचा पाऊस सारखा असू शकतो, क्रमांक नाही. `-1` म्हणजे मूल नाही. तळाचं मडकं, `st[0]`, हा झाडाचा शेंडा. यादी रिकामी असेल तर ही शेवटची ओळ कोसळेल, तेवढं आधी तपासावं.

कोड पाहिल्यावर बहुतेकांना एकच शंका येते: `for` च्या पोटात `while` आहे, मग हे पुन्हा वर्गाच्या पटीत नाही का जाणार? एका फेरीकडे पाहिलं तर ती भीती खरी वाटते. म्हणून फेऱ्या मोजूच नका, मडकी मोजा. प्रत्येक मडकं उतरंडीवर एकदाच चढतं आणि उतरलं तर एकदाच उतरतं. उतरलेलं पुन्हा कधीच वर येत नाही, ते कुणाच्या तरी डाव्या फांदीत कायमचं गेलेलं असतं. आपल्या उदाहरणात आठ चढले, सहा उतरले, दोन उरले. तुलनांचाही हिशेब तसाच: जिंकलेल्या प्रत्येक तुलनेत एक मडकं उतरतं, आणि हरलेली तुलना एका दिवसाला फार तर एक. आपल्याकडे 6 आणि 5, मिळून 11. मघाच्या 14 पुढे हा फरक किरकोळ दिसतो, पण लाख नोंदींना कितीही वाईट क्रम आला तरी तुलना दोन लाखांच्या आतच राहतात.

या हिशेबाला एक किनार आहे. एकूण काम कमी असलं तरी एखादी फेरी फार लांबू शकते. पाऊस रोज घटत गेला आणि शेवटच्या दिवशी धो धो कोसळला, तर त्या एका दिवशी अख्खी उतरंड उतरवावी लागते. सगळ्या नोंदी हातात असताना झाड बांधायचं असेल तर काही बिघडत नाही. पण येणारी प्रत्येक नोंद ठरावीक वेळेतच हातावेगळी व्हायला हवी असेल, तर ही पद्धत तशी हमी देत नाही.

आणखी एक प्रश्न जाणकार विचारतात. तुलना करून क्रमवारी लावायला सर्वसाधारणपणे n log n च्या पटीत काम लागतंच, मग हे त्याहून स्वस्तात कसं जमलं? कारण आपण क्रमवारी लावलेलीच नाही. 40 मोठं की 60, हे झाड सांगत नाही. आपणही त्या दोघांची तुलना कधी केली नाही. वेगवेगळ्या फांद्यांवरच्यांचा आपसातला मान ठरवायचाच नाही, म्हणून काम वाचतं.

चूक झाली तर ओळखायची कशी? सर्वांत नेहमीची चूक म्हणजे शेवटी उतरलेल्याऐवजी पहिल्यांदा उतरलेलं मडकं डावीकडे जोडणं. तसं केलं की 80 च्या डावीकडे 70 ऐवजी 10 लागतं आणि 70 चा सगळा गोतावळा हरवतो. झाड वाचून दाखवलं तर आठाऐवजी चारच आकडे निघतात: 10, 80, 30, 60. म्हणून झाड डावीकडून उजवीकडे वाचून मूळ यादीशी ताडून पाहावं. पण तेवढ्यावर थांबू नये. नुसती उजवीकडे लोंबणारी साखळी केली तरी क्रम बरोबरच निघतो, म्हणून प्रत्येक मूल पालकापेक्षा मोठं नाही ना, हेही बघावं लागतं.

मी स्वतः अडकलो होतो ते कोरड्या दिवसांत. पावसाच्या नोंदींत शून्यं भरपूर असतात. कोडमध्ये `<` आहे, त्यामुळे बरोबरीचं मडकं उतरत नाही आणि नवं त्याच्यावर बसतं: सारख्या पावसाच्या दिवसांत आधीचा वर, नंतरचा त्याचं उजवं मूल. `<=` लिहिलं तर नंतरचा वर जातो. दोन्ही झाडं योग्यच, फक्त कमाल पाऊस दोनदा पडला असेल तर एक झाड पहिली तारीख सांगेल आणि दुसरं शेवटची. मी पहिली ठेवायचं ठरवलं, चार महिन्यांच्या नोंदींवर सगळं नीट चाललं. मग अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून घातल्या आणि कार्यक्रम कोसळला.

चूक मी बराच वेळ स्टॅकच्या भागात शोधत बसलो. तो भाग निर्दोष होता. झाड वाचून दाखवणारं फंक्शन स्वतःलाच हाक मारत खाली उतरायचं, आणि पायथन अशा एकात एक हाका साधारण 1000 वर थांबवतो. एका ठिकाणी नोंदवही भरायची राहिली होती आणि तिथे ओळीने हजारावर शून्यं पडली होती. बरोबरीच्या प्रत्येक शून्याने आपल्या आधीच्याच्या उजवीकडे जागा घेतली आणि झाडाच्या जागी तेवढी लांब साखळी लोंबत राहिली. वाचणाऱ्या फंक्शनलाही मग मी स्वतःची एक उतरंड दिली, हाका मारणं बंद केलं, आणि न भरलेल्या दिवसांची शून्यं नोंदींतून काढून टाकली.