बाजार दीर्घकाळ घसरत असताना एसआयपी थांबवावी का?
आमच्या दादर येथील कार्यालयातून ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

बाजार सलग काही महिने खाली येऊ लागला की आमच्याकडे एकच प्रश्न वारंवार येतो : ‘दर महिन्याला भरतो आहे आणि तरी रक्कम कमीच दिसते, तर मग काही काळ एसआयपी बंद ठेवू का?’ या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. मात्र ते कशावर अवलंबून आहे हे सांगता येते, आणि तेवढ्यासाठीच हे पत्रक काढले आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आम्ही म्युच्युअल फंडांचे वितरक आहोत आणि आपली गुंतवणूक चालू राहिली की आम्हाला फंड कंपनीकडून कमिशन मिळते. म्हणून पुढील हिशेब आमच्या शब्दावर न मानता आपण स्वतः कागदावर करून पाहावा, अशी विनंती आहे.

समजा, एका ग्राहकाने शेअर बाजाराशी निगडित फंडात दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी सुरू केली. पहिले सहा महिने युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, ५० रुपये होता. पुढचे सहा महिने तो ४० झाला, त्यानंतरचे सहा महिने २५ वर राहिला आणि शेवटचे सहा महिने पुन्हा ४० वर आला. प्रत्यक्षात भाव रोज बदलतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून आम्ही तो टप्प्याटप्प्याने धरला आहे. प्रत्येक टप्प्यात भरलेले पैसे ३०,०००च आहेत, पण मिळालेली युनिट मात्र अनुक्रमे ६००, ७५०, १,२०० आणि ७५० आहेत. एकूण १,२०,००० रुपयांत ३,३०० युनिट आली, म्हणजे एक युनिट सरासरी ३६ रुपयांच्या थोडे वर पडले. सुरुवातीच्या ५० रुपयांपर्यंत भाव अजून पोहोचलेला नाही, तरी ४० च्या भावाने या युनिटांची किंमत १,३२,००० होते.

आता दुसरा ग्राहक पाहू. भाव २५ वर असताना त्याने सहा महिने हप्ता थांबवला आणि ४० झाल्यावर ‘आता बाजार सावरला’ असे वाटून पुन्हा सुरू केला. त्याच्याकडे २,१०० युनिट आहेत, त्यांची किंमत ८४,००० रुपये आहे आणि न भरलेले ३०,००० बचत खात्यात आहेत. त्यावरचे थोडे व्याज बाजूला ठेवले तर दोन्ही मिळून १,१४,००० होतात. दोघांमधील १८,००० रुपयांचा फरक हा सगळाच्या सगळा त्या सहा हप्त्यांचा आहे. घसरणीत मनाला सर्वांत नकोसे वाटणारे हप्तेच सर्वांत जास्त युनिट देतात, आणि नेमके तेच गाळले जातात. बाजार केव्हा सावरेल हे आधी कळत नाही, हीही यातील मोठी अडचण आहे. ८ जानेवारी २००८ रोजी सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता आणि ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० पर्यंत खाली आला, म्हणजे घसरण चौदा महिने चालली. त्यानंतर १८ मे २००९ या एका दिवशी निर्देशांक २,१०० हून अधिक अंकांनी वर गेला आणि वरच्या सर्किटमुळे व्यवहार थांबवावे लागले. ‘थोडे स्थिर होऊ दे, मग भरू’ म्हणणाऱ्यांना त्या दिवशी जुन्या भावात हप्ता भरण्याची संधीच उरली नव्हती.

या हिशेबाला दोन मर्यादा आहेत आणि त्या लपवणे योग्य होणार नाही. पहिली अशी की, भाव पुन्हा वर आला तरच सरासरीचा लाभ मिळतो. अनेक क्षेत्रांतील कंपन्यांमध्ये पसरलेल्या फंडाबाबत ती अपेक्षा धरता येते, पण एकाच क्षेत्राच्या फंडाबाबत तितक्या खात्रीने नाही. जपानच्या निक्केई निर्देशांकाने १९८९ च्या अखेरीस गाठलेली पातळी २०२४ मध्ये ओलांडली, हेही लक्षात असावे.

दुसरी मर्यादा आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते, कारण जुन्या ग्राहकांना तीच सर्वांत जास्त लागू पडते. बारा वर्षे दरमहा १०,००० भरून ज्यांची रक्कम आज २४ लाखांची झाली आहे, त्यांच्यासाठी नवा हप्ता हा एकूण रकमेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. बाजार ३० टक्के पडला तर त्यांची रक्कम ७ लाख २० हजारांनी कमी दिसेल, आणि पुढील दीड वर्षाचे सगळे हप्ते मिळून १ लाख ८० हजारच होतील. म्हणजे नव्या एसआयपीला सरासरी सांभाळून घेते, पण जुन्या एसआयपीला ती फारशी वाचवू शकत नाही. म्हणून मुलीच्या महाविद्यालयीन शुल्कासाठी किंवा घराच्या आगाऊ रकमेसाठी पुढील दोन-तीन वर्षांत पैसे लागणार असतील, तर हप्ता थांबवावा की चालू ठेवावा हा खरा प्रश्न नसतो. साठलेल्या रकमेपैकी किती भाग अजूनही शेअरमध्ये आहे, हे तपासायचे असते. अशा ग्राहकांना आम्ही गरजेच्या साधारण तीन वर्षे आधीपासून रक्कम टप्प्याटप्प्याने लिक्विड किंवा अल्प मुदतीच्या कर्जरोखे फंडात हलवण्यास सांगतो. घसरण आधीच सुरू झाली असेल तर सगळे एकदम काढू नये. पहिल्या वर्षाच्या शुल्कापुरते हलवावे आणि नवा हप्ताही त्याच फंडाकडे वळवावा.

मग थांबवणे केव्हा योग्य? आमच्या मते, कारण बाजारात नसून आपल्या घरात असेल तेव्हा. नोकरी गेली, दुकानाचा धंदा बसला, पगार दोन महिने रखडला, घरात आजारपण आले, किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी चढत चालली, तर हप्ता थांबवण्यात काहीही कमीपणा नाही. क्रेडिट कार्डावरचे व्याज कोणत्याही फंडाच्या अपेक्षित परताव्यापेक्षा जास्त असते. निदान सहा महिन्यांचा घरखर्च, त्यात भाडे किंवा सोसायटीची देखभाल रक्कम आणि कर्जाचा हप्ता धरून, बँकेत बाजूला नसेल, तर तो आधी उभा करावा. नाहीतर नेमक्या पडत्या भावात युनिट विकण्याची वेळ येते आणि ते हप्ता चुकण्याहून कितीतरी जास्त महाग पडते. पूर्ण थांबवण्याऐवजी १०,००० चे ४,००० करता येत असतील तर आम्ही तेच सुचवू. चालू एसआयपीची रक्कम बदलता येत नसेल, तर ती बंद करून लहान रकमेची नवी सुरू करावी लागते.

थांबवायचेच ठरले तर ते रीतसर करावे. ‘पॉज’ म्हणजे ठरावीक महिन्यांपुरती विश्रांती असते आणि मुदत संपताच हप्ता आपोआप सुरू होतो. किती महिने मिळतील हे फंड कंपनीनुसार वेगळे असते, आणि अर्ज हप्त्याच्या तारखेच्या काही दिवस आधी द्यावा लागतो. ‘बंद’ करणे वेगळे आहे, कारण मग एसआयपी पुन्हा नव्याने नोंदवावी लागते. काही जण यांपैकी काहीच न करता खाते रिकामे ठेवतात. तसे करू नये. हप्ता परत गेला की बँक दर वेळी दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे तीन हप्ते लागोपाठ चुकले की ती आपोआप रद्द होते. एसआयपी थांबवली तरी आधीची युनिट तशीच राहतात. ती विकायची की नाही, हा निर्णय स्वतंत्रपणे घ्यायचा असतो.

अर्ज भरण्यापूर्वी आपले एकत्रित खाते विवरण आणि मागील तीन महिन्यांचे बँक पासबुक घेऊन कार्यालयात यावे. कोणता हप्ता कोणत्या गरजेसाठी आहे आणि ती गरज किती वर्षांवर आहे, हे आम्ही आपल्यासमोर बसून लिहून काढू. अर्ज द्यायचा की नाही, हे त्यानंतर आपण ठरवावे.