पासवर्ड मॅनेजरमध्ये साठवणं वेगळं, साइटवर बदलणं वेगळं

मॅनेजर टाकला, ब्राउझरमधले जुने पासवर्ड त्यात आणले, ऑटोफिल चालू केलं, आता प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आहे, असं लोक ठामपणे सांगतात. तसं काही झालेलं नसतं. दहा साइटना एकच पासवर्ड होता, तो आता दहा नोंदींमध्ये नीट मांडून ठेवलाय, एवढंच.

साठवणं सगळ्यांना जमतं, त्यावर वेळ घालवत नाही. ब्राउझरचा मॅनेजर की वेगळं ॲप, या वादातही मला रस नाही. कोणताही एक ठेवा आणि दुसऱ्याचं ऑटोफिल बंद करा, नाहीतर एकात नवा आणि दुसऱ्यात जुना पासवर्ड राहतो.

खरी गफलत पुढे होते. माणूस मॅनेजरमधली नोंद उघडतो, ‘जनरेट’ दाबतो, वीस अक्षरांचा भक्कम पासवर्ड येतो, तो सेव्ह करतो. साइटला याचा पत्ताच नसतो. तिच्याकडे अजून जुन्याच पासवर्डचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेली सांकेतिक खूण, आहे. पुढच्या वेळी ऑटोफिल नवा पासवर्ड भरतं, साइट ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणते आणि दोष मॅनेजरला मिळतो. असं झालं तर आधी नोंदीतला पासवर्डचा इतिहास बघा. बिटवर्डन नावाचा मॅनेजर मागचे पाच पासवर्ड ठेवतो, त्यात जुना सापडेल.

बदल नेहमी साइटवरूनच सुरू करायचा. समजा, ईमेलचं खातं आहे. माझ्या मते सुरुवात त्यानेच करावी, कारण बाकीच्या खात्यांचे रीसेटचे दुवे तिथेच येतात. साइटवर लॉगिन करून ‘पासवर्ड बदला’ पान उघडा. जुना पासवर्ड ऑटोफिलला भरू द्या. नव्याच्या रकान्यात जनरेट केलेला टाका, साइटने बदल मान्य केला की मगच मॅनेजर विचारतो त्या ‘अपडेट’ला हो म्हणा. तिथे ‘नवीन सेव्ह करा’ दाबलंत तर एकाच साइटच्या दोन नोंदी होतात आणि ऑटोफिल कधी ही भरतं, कधी ती.

आता लॉगआउट करू नका. खाजगी विंडो उघडा, मॅनेजरच्या एक्स्टेन्शनला तिथे चालायची परवानगी द्या आणि ऑटोफिलने लॉगिन करून बघा. झालं, तर जुनी विंडो बंद करा. नाही झालं, तर मॅनेजरने नवा पासवर्ड टिपलाय का ते आधी तपासा. टिपलेला असेल, तर साइटच्या लांबीच्या मर्यादेवर संशय घ्या. काही साइट बदलाच्या पानावर सोळा अक्षरांनंतरचा भाग गुपचूप कापतात आणि लॉगिनच्या पानावर कापत नाहीत. ही मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे. अशा वेळी नोंदीतल्या पासवर्डची फक्त पहिली सोळा अक्षरं टाकून बघा. आत गेलात, तर पुन्हा सोळाच अक्षरांचा नवा पासवर्ड जनरेट करून लावा.