पावसाळ्यात मोटरसायकल लेऑफला ठेवणे (गोवा)

मोटरसायकल तीनचार महिने किंवा जास्त चालवायची नसेल तर पेट्रोल, बॅटरी आणि टायर खराब होऊ नयेत म्हणून आधी जी तयारी करतात तिला बरेच जण नुसतं "गाडी लेऑफला ठेवणे" म्हणतात. बर्फाच्या देशांत हे काम हिवाळ्याआधी करतात. गोव्यात ते मे महिन्याच्या शेवटी येतं, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असतो, आणि दुसरं म्हणजे बोटीवर कामाला जाणारे तारवटी सहासहा महिने घरी नसतात. तिथे थंडीची भीती, इथे ओलाव्याची, म्हणून परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पेट्रोलचा होतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, २० टक्क्यांपर्यंत, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या जागेत दमट हवा, दिवसा गरम रात्री थंड, मग आतल्या पत्र्यावर थेंब धरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं, आणि टाकीचा कॉक घेतो नेमकं खालचंच. म्हणून पत्र्याची टाकी जवळजवळ भरून ठेवायची, गळ्यापाशी थोडी जागा पेट्रोल फुगायला सोडायची. रिकामी ठेवली तर बरं असं पुष्कळ जण सांगतात, पण गोव्याच्या पावसात रिकामी टाकी म्हणजे गंजाला आमंत्रणच. फक्त भरलेली गाडी स्वयंपाकघराजवळ किंवा देवघरातल्या समईशेजारी नको.

फ्युएल स्टॅबिलायझर हे पेट्रोल हवेशी मिसळून चिकट होण्याचा वेग कमी करणारं द्रव. ते ताज्या पेट्रोलातच घालायचं, जुनं बिघडलेलं पेट्रोल त्याने परत चांगलं होत नाही आणि खाली बसलेलं पाणीही जात नाही. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं तेच धरायचं. आमच्याकडची १२५ सीसीची कार्बोरेटरवाली गाडी, टाकी १० लिटरची, बाटलीवर १० लिटरला ३० मिली होतं. आधी औषध टाकीत ओतलं, मग वरून पेट्रोल भरलं म्हणजे आपोआप ढवळलं गेलं, आणि मांद्र्याच्या रस्त्यावर दहापंधरा मिनिटं फेरी मारली. ही फेरी चुकवायची नाही, नाहीतर औषध टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये जुनंच पेट्रोल. घरी आल्यावर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळाशी थोडं पेट्रोल धरून ठेवणाऱ्या वाटीचा, म्हणजे फ्लोट बाऊलचा, खालचा स्क्रू सैल केला आणि आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं, कारण बाऊलमधलं थोडंसं पेट्रोल सगळ्यात आधी सुकून बारीक जेट बुजवतं. बाटलीत दोन थर दिसले तर पेट्रोलात पाणी शिरलंय असं समजायचं, आमच्यात दिसले नाहीत. इंजेक्शनच्या गाडीत बाऊल नसतो, तिथे फेरी पुरे, आणि पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं तर मुळीच नाही, कारण टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

बॅटरी काढून घरात ठेवणं सगळ्यात चांगलं. आधी निगेटिव्ह वायर सोडायची, मग पॉझिटिव्ह. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज झाल्यावर काही तास विश्रांती देऊन मोजली तर १२.६ ते १२.८ दाखवते. उकाड्यात ती स्वतःहून जास्त लवकर उतरते, आणि उतरलेली तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग चार्जर लावा नाहीतर काही करा, उपयोग नाही. महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावायचा, १२.४ च्या खाली गेली की चार्ज. लिथियम बॅटरीला तिचाच चार्जर लागतो. "दर रविवारी दोन मिनिटं चालू करतो" हा उपाय मात्र उलटा पडतो, स्टार्टर जेवढं खातो तेवढं तेवढ्यात परत भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये वाफेचं पाणी साचून राहतं.

टायरची हवा महिन्याला एकदोन पीएसआय जातेच आणि कमी हवेत एकाच जागी वजन राहिलं की टायर तिथे चपटा बसतो. आमच्या गाडीला पुढे २५ मागे २८ लागते, ठेवताना ३० आणि ३३ भरली. टायरच्या बाजूला लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जायचं नाही. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, जमिनीला टेकलेल्या चाकाखाली फळीचा तुकडा, आणि मधूनमधून चाक थोडं फिरवायचं. चालवायच्या दिवशी सकाळी टायर थंड असताना हवा परत २५-२८ वर आणायची, नाहीतर ओल्या रस्त्यावर गाडी घसरते.

किनाऱ्याजवळ असाल तर ठेवण्याआधी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायची, मग चेनला ल्युब. प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि सीटवर बुरशी येते, कापडी कव्हर बरं. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबलं तर उंदीर जात नाही, पण ते हँडलला सुतळीने बांधून ठेवायचं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये चालू करताना काढायचं विसरत नाही.